ही आमच्या ऑफिसमधली

यवतमाळात दोन ओळखीची माणसं रस्त्यात भेटली की पहिली चौकशी प्रकृतीची नसते, सोबतच्या माणसाची असते. तुम्ही एकटे असाल तर "कुठं चालले?" एवढ्यावर भागतं. पण शेजारी कुणी असेल आणि ते समोरच्याच्या ओळखीचं नसेल, तर त्याची नजर तुमच्यावरून सरकून त्या माणसाच्या चपलेपासून केसांपर्यंत जाऊन येते आणि त्याची मान जराशी तिरपी होते. या तिरप्या मानेला उत्तर द्यावंच लागतं. "हे आमचे साडभाऊ." "हा माझ्या मित्राचा पोरगा." उत्तर मिळालं की मान सरळ होते. नाही मिळालं तर समोरचा जागचा हलत नाही, मग त्याची आर्णीची बस सुटली तरी बेहत्तर.

नाव सांगून सुटका होईल असं वाटत असेल तर तुम्ही नागपूरच्या पलीकडचे. नावानंतर आडनाव, आडनावानंतर गाव आणि गावानंतर, "तिथं ते बसस्टँडमागं राहत होते, त्याइचे कोण?" तिसऱ्या प्रश्नाला समोरचा तुमच्या मावशीच्या सासरी पोचलेला असतो. वकिलीत आम्ही वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो: अमुक मालमत्तेचा व्यवहार होऊ घातला आहे, कुणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावे. दत्त चौकात एखाद्या मुलानं एखाद्या मुलीची ओळख करून देणं हे त्याच नोटिशीसारखं आहे. फरक इतकाच की पेपरातल्या नोटिशीला हरकत यायला पंधरा दिवस लागतात आणि चौकातल्या नोटिशीला संध्याकाळचा चहा उकळेपर्यंत दोन तालुक्यांतून येते.

आमच्या आधीच्या पिढीला ही भानगड नव्हती. तिथे उपाधी आधी यायची, माणूस मागून. "स्थळ" हा शब्द पंधरा दिवस घरात वावरायचा, आणि मग एका रविवारी त्या शब्दाच्या आत बसलेला मुलगा पोह्यांची बशी घेऊन समोर दिसायचा. कोण कुणाचं कोण, यात संशयाला जागाच नव्हती. लग्नानंतर तर ओळख करून देण्याचा प्रश्नच मिटला. माझ्या एका काकांनी अख्ख्या संसारात कुणाला काकूची ओळख करून दिल्याचं मला आठवत नाही. पाहुणा आला की ते माजघराकडे तोंड करून "दोन चहा" म्हणायचे, आणि जी व्यक्ती चहा घेऊन बाहेर यायची ती काकू, हे पाहुण्यानं समजून घ्यायचं. तेव्हा ओळख करून न देणं हा प्रेमाच्या अभावाचा पुरावा मानला तर आमच्या घराण्यातली निम्मी लग्नं रद्द ठरतील.

अडचण आताच्या पोरांची आहे. यांचं आधी माणसाशी जुळतं आणि त्या जुळण्याला काय म्हणायचं हे बरेच महिने ठरत नाही. दोघांनाही कळलेलं असतं, दोघांनीही बोललेलं नसतं. नेमक्या अशा दिवसांत कुणीतरी तिसरा समोर येतो आणि मान तिरपी करतो. त्या दोन सेकंदांत तोंडातून जे निघतं त्याच्यावर पुढचे चार दिवस भांडण चालतं. असं एक भांडण गेल्या दुर्गोत्सवात माझ्यासमोर आलं. कोर्टात नव्हे, घरी, सकाळच्या पोह्यांवर.

पक्षकार माझी भाची. नोकरी पुण्याला. उलट बाजू वणीचा एक मुलगा, नोकरी तिथेच, त्याच ऑफिसात, वेगळ्या मजल्यावर. पुण्यात सहाशे-सातशे किलोमीटर लांब राहून एकाच जिल्ह्याचे निघाले म्हणून बोलणं सुरू झालं. (यवतमाळ आणि वणी यांच्यात शंभराहून जास्त किलोमीटर आहेत आणि इथे असताना वणीकर आम्हाला चंद्रपूरचेच वाटतात. पण पुण्यात "काऊन बे" ऐकू आलं की हे सगळं अंतर मिटतं.) तर नवरात्रात दोघं गावी आली. तो दोन दिवस यवतमाळात मावशीकडे थांबला. कारण काय, तर दुर्गोत्सव पाहायचा आहे.

कारण पटण्यासारखं होतं. कोलकात्याच्या खालोखाल दुर्गोत्सव आपल्याच गावचा, असं प्रत्येक यवतमाळकर सांगतो, आणि हे सांगणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी कोलकाता पाहिलेलं असतं. त्या दिवसांत गावात मोठमोठे देखावे उभे राहतात, कुठे दक्षिणेतलं देऊळ, कुठे डोंगरातली गुहा. अख्खा जिल्हा आणि शेजारचे दोन-तीन जिल्हे गाड्या करून येतात, गाड्या गावाबाहेर लावतात आणि रात्रभर पायी फिरतात. ज्यांना ओळख टाळायची आहे त्यांनी या गर्दीत जावं असं बाहेरच्याला वाटेल. आत गेल्यावर कळतं की गर्दीतला प्रत्येक माणूस कुणाचा तरी कुणीतरी आहे. एरवी वर्षभरात जी माणसं भेटत नाहीत ती त्या नऊ रात्रींत भेटतात, आणि रस्ता इतका भरलेला असतो की पुढे सटकताही येत नाही.

तर रात्री दहाच्या सुमारास दत्त चौकाच्या पुढे या मुलाला त्याचे वणीच्या शाळेतले सर भेटले. निवृत्तीनंतर यवतमाळात स्थायिक झालेले. पाया पडणं झालं, "केवढा मोठा झाला बे तू" झालं, आणि सरांची मान तिरपी झाली.

"अन् हे कोण?"

मुलगा म्हणाला, "सर, ही आमच्या ऑफिसमधली."

एवढंच. पुढे नाव नाही, गाव नाही. सर "बरं बरं" म्हणाले आणि गर्दीत गेले. भाची त्यानंतर तीन देखाव्यांपुढे एक शब्द बोलली नाही.

"मामा, आमच्या ऑफिसमधली म्हणजे काय? फोटोकॉपी मशीनही आमच्या ऑफिसमधलंच आहे."

मी म्हटलं, युक्तिवाद चांगला आहे, पण आधी वस्तुस्थिती सांग. पुण्यात तो तुला काय म्हणून ओळख करून देतो?

तर पुण्यात तो तिला बिनदिक्कत पार्टनर म्हणतो. खोलीवरच्या मित्रांसमोर, ट्रेकच्या ग्रुपमध्ये, इतकंच काय, बिर्याणीवाल्यासमोरसुद्धा. भाचीच्या मते म्हणूनच हा दगा ठरत होता. पुण्यात पार्टनर आणि यवतमाळात फोटोकॉपी मशीन.

इथे माझं आणि तिचं मत वेगळं पडलं, आणि माझं अजूनही तेच आहे. पुण्यातल्या पार्टनरला पुरावा म्हणून मी काडीची किंमत देणार नाही. त्या शब्दासाठी त्याला काय मोजावं लागलं? बिर्याणीवाला वणीला फोन करणार नव्हता. खोलीवरच्या पोरांपैकी कुणी त्याच्या आईला विचारणार नव्हतं की स्वयंपाक येतो का तिला. जिथे बोललेलं परत घेता येतं तिथे माणूस उदार असतो. सरांसमोर मात्र तोच शब्द उच्चारला असता तर रात्री अकरापर्यंत वणीत पोचला असता, बारापर्यंत आईपर्यंत, आणि सकाळी त्याला मावशीच्या ओट्यावर बसून आडनाव, गाव, पोटजात आणि पगार अशा क्रमानं जबाब द्यावा लागला असता. तेव्हा कुणी आपली ओळख काय म्हणून करून दिली हे पाहताना आधी हे पाहावं की ती कुणासमोर करून दिली आणि त्या माणसासमोर तो शब्द किती महाग होता. स्वस्त जागी मोठा शब्द आणि महाग जागी छोटा शब्द, यावरून फार तर एवढंच कळतं की मुलाला हिशेब येतो. प्रेम आहे की नाही, ते यातून दोन्ही बाजूंनी सिद्ध होत नाही.

खरी भीती उलट प्रकाराची. स्वस्त जागीही छोटाच शब्द. माझ्याकडे एक ज्युनियर होती, तिचं प्रकरण तसं होतं. तो मुलगा हैदराबादला, घर तिकडे लातूरकडे, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी कुणाचाही त्याच्या घराशी संबंध नाही. तरी त्याच्या मित्रांमध्ये ही दोन वर्षं "आमची एक मैत्रीण" राहिली. त्यातला "एक" तर फारच झोंबणारा. त्याच घोळक्यात दुसऱ्या मित्राच्या मैत्रिणीची ओळख तो "याची होणारी" म्हणून हसत करून द्यायचा, म्हणजे शब्द त्याला येत होते. आणि कुणी नवा माणूस येताना दिसला की ह्याला नेमकी तहान लागायची. "जरा पाण्याची बाटली आणतेस?" ती बाटली घेऊन येईपर्यंत नवा माणूस निघून गेलेला असायचा. ती भोळी, तिला वाटायचं याला उन्हाळा सोसत नाही. हैदराबादेत डिसेंबरातही त्याला उन्हाळा होत होता, तेव्हा तिच्या लक्षात आलं. जिथे काहीच जोखीम नाही तिथेही माणूस आपल्याला नाव देत नसेल, तर तो घरच्यांना घाबरत नाही, दार उघडं ठेवतो आहे.

भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मामा, जोखीम असली की काहीही चालतं?"

काहीही नाही. कायदासुद्धा असं म्हणत नाही. हे लोकांना विनोदी वाटतं, पण दोन माणसांचं नातं काय आहे हे ठरवताना न्यायालयही चौकातल्या सरांसारखंच मान तिरपी करतं. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, त्यात लग्नासारख्या संबंधात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण दिलं आहे. मग लग्नासारखा संबंध म्हणायचा कशाला? सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये वेलुसामी विरुद्ध पचैअम्मल या निकालात चार कसोट्या सांगितल्या, आणि त्यातली पहिली वय नाही, घर नाही, पैसा नाही. पहिली कसोटी ही की दोघांनी समाजात स्वतःला नवराबायकोसारखं मांडलेलं असलं पाहिजे. मग लग्नाचं वय, मग लग्नाला कायद्याची आडकाठी नसणं, आणि मग स्वखुशीनं बराच काळ तसं एकत्र राहणं. २०१३ च्या इंद्रा शर्मा प्रकरणात न्यायालयानं पाहण्याच्या गोष्टींची आणखी मोठी यादी दिली. तिच्यातही ही बाब आहेच: चारचौघांत, मित्रांत, नातेवाइकांत हे दोघं कसे वावरत होते.

त्याहून जुना तर १८७२ चा पुराव्याचा कायदा. त्याच्या पन्नासाव्या कलमाखाली उदाहरण दिलं होतं: अ आणि ब यांचं लग्न झालं होतं की नाही असा प्रश्न आहे, त्यांचे मित्र त्यांना नेहमी नवराबायको म्हणून वागवत होते, ही गोष्ट पुरावा म्हणून पाहता येते. इंग्रज गेले, परवा तो कायदाही गेला आणि २०२३ चा नवा आला, तरी हे तत्त्व त्यातही ठेवलेलं आहे. यातली गंमत अशी की हे कलम दोघांनी काय म्हटलं ते विचारत नाही. ज्यांना त्या नात्याची आतून माहिती असण्याचं कारण होतं, ती माणसं कशी वागली, ते विचारतं. अ काय बोलला यापेक्षा अ च्या मित्रानं ब ला पाहून काय केलं, हा पुरावा जड. माणसाच्या जिभेवर कायद्याचा भरवसा कमी, शेजाऱ्याच्या वागण्यावर जास्त.

म्हणून मी भाचीची उलटतपासणी सुरू केली. सर भेटले तेव्हा तुझी पर्स कुठे होती?

"पर्स?"

हो, पर्स.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "त्याच्याकडे."

म्हणजे हातात?

"खांद्याला. गर्दी होती, मला आलुबोंडा खाता येत नव्हता."

रंग?

"...जांभळा. झालर असलेली."

म्हणजे दृश्य असं: पावणेसहा फुटांचा वणीचा मुलगा, खांद्याला जांभळी झालरीची पर्स, आणि तो आपल्या शाळेतल्या सरांना गंभीरपणे सांगतो आहे की ही आमच्या ऑफिसमधली. सरांनी "बरं बरं" का म्हटलं ते मला आता कळलं. चाळीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडलेला माणूस तो. एर्विंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९७१ च्या एका पुस्तकात अशाच खुणांचा अभ्यास केला आहे: लोकांमध्ये असताना दोन माणसांचं नातं बघणाऱ्याला कशावरून कळतं, कुणाचं सामान कुणाकडे, कोण कुणाच्या किती जवळ उभा, कुणाच्या ताटातून कुणी न विचारता उचललं. यवतमाळच्या बायकांना त्या पुस्तकाची गरज पडलेली नाही. शब्द तोंडातून येतो म्हणून त्याला लगाम घालता येतो, पर्सला कोण घालणार? ऑफिसमधल्या सहकाऱ्याची पर्स माणूस हातात धरतो, अंगापासून लांब, उंदीर धरल्यासारखी. खांद्याला अडकवतो ती सवयीची असते.

मग मी तिला उलट विचारलं, की परवा तू त्याला घेऊन आमच्या फाटकापाशी आलीस आणि मी बाहेर आलो, तेव्हा तू काय म्हणालीस?

तिनं पोह्यांतली मिरची बाजूला काढायला घेतली.

तिला आठवत नसेल तर मला आठवत होतं. ती म्हणाली होती, "मामा, हा माझा मित्र... म्हणजे ओळखीचा आहे... वणीचा." एका वाक्यात त्या पोराची दोनदा पदावनती झाली होती. मित्राचा ओळखीचा झाला आणि ओळखीचा नुसता वणीचा. त्याच्या ऑफिसमधलीला निदान एक ठाम हुद्दा तरी होता.

"ते वेगळं होतं," भाची म्हणाली.

ते वेगळं होतं हे खरंच आहे, आणि हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मुलानं चारचौघांत मैत्रीण म्हटलं तर चर्चा होते. मुलीनं मित्र म्हटलं तर चौकशी होते. मुलाच्या आईला विचारतात, मुलीच्या बापाला समजावतात. वेगळ्या जातीची, वेगळ्या धर्माची पोरं असतील तर एका ओळखीवरून काय काय होऊ शकतं ते आम्ही कोर्टात वाचलेलं असतं. अशा ठिकाणी "ओळखीचा" म्हणणारी मुलगी खोटं बोलत नसते, दोघांना सांभाळत असते. आणि काही जोड्यांना तर शब्दाचं कामच पडत नाही. दोन मुलं रोज संध्याकाळी एका गाडीवर आझाद मैदानाकडे जाताना दिसली तर कुणाची मान तिरपी होत नाही. दोस्त आहेत, संपलं. ती दोघं एकमेकांची कोण आहेत हे आख्ख्या गावात कुणी विचारणार नाही. यात त्यांची सोय किती आणि घुसमट किती, ते त्यांनाच माहीत.

जोखमीच्या जागी माणूस खरा आहे की नाही हे मग ओळखायचं कसं? माझ्या मते दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्यानं आधी विचारलं का. "मावशी भेटली तर काय सांगू?" असा प्रश्न ज्यानं घरातून निघताना विचारला, त्यानं पुढे ऑफिसमधली म्हटलं काय किंवा शेजारची म्हटलं काय, काही बिघडत नाही. ते दोघांनी मिळून ठरवलेलं असतं. पण जो दर वेळी नव्यानं दचकतो आणि दर वेळी नवीन नातं काढतो, आज ऑफिसमधली, उद्या बहिणीची मैत्रीण, परवा क्लासमध्ये होती, आणि घरी येऊन म्हणतो की मावशीला बहिणीची सांगितलंय हां, लक्षात ठेव, त्याच्यापासून सांभाळून. अशा संसारात मुलीला तारीखवार जबाब पाठ करावे लागतात. त्यातही सगळ्यात वाईट घाबरट माणूस तो, जो समोर काकू दिसली की "ही माझी मानलेली बहीण" म्हणून जातो. त्या काकू राखीला फोन करतात.

दुसरी गोष्ट अशी की तो तुमचीच ओळख समोरच्याला करून देतो की समोरच्याची ओळख तुम्हालाही करून देतो. हे सहसा कुणी पाहत नाही आणि मला तेच सगळ्यात बोलकं वाटतं. "ही अमुक, पुण्याला असते" म्हणून माणूस थांबला, तर त्यानं तिरप्या मानेला उत्तर दिलं, बाकी काही नाही. पण तोच तुमच्याकडे वळून म्हणाला, "हे सर, यांच्याच हातचा मार खाऊन मला त्रैराशिक आलं," तर त्यानं आपलं एक माणूस तुम्हाला देऊन टाकलं. आता रस्त्यात ते सर एकटे भेटले तरी तुम्ही नमस्कार करू शकता. पाहुण्याला आपण घर दाखवतो, पण कुलूप कुठलं अडकतं ते सांगत नाही. ते सांगतो तेव्हा तो पाहुणा राहिलेला नसतो.

"सर गेल्यावर तो काही बोलला का त्यांच्याबद्दल?" मी विचारलं.

बोलला होता. तीनही देखाव्यांपुढे. सर कसे सायकलनं यायचे, दहावीला गणितात गटांगळ्या खात असताना त्यांनी घरी बोलावून कसं फुकट शिकवलं, सरांची बायको गेल्यावर हा वणीहून कसा आला होता. भाची रागात होती म्हणून तिनं हुं सुद्धा केलं नाही. म्हणजे त्यानं ओळख करून दिली होती, फक्त उलट दिशेनं, आणि सर ऐकण्याच्या टप्प्याबाहेर गेल्यावर. अर्धा गुण द्यायला हरकत नाही.

पण सगळ्यात मोठा पुरावा त्यानंतरचा होता आणि तो भाचीनं तक्रारीत दिलाच नव्हता. पक्षकार असेच असतात, स्वतःला अडचणीचा कागद घरी विसरतात. त्या रात्री पुढे ते दोघं एका मंडळाच्या महाप्रसादाला गेले. तिथे त्याची मावशी वाढायला उभी. इथे त्याची खरी पंचाईत, कारण सरांना टाळता येतं, मावशीला नाही. त्यानं मान खाली घालून सांगितलं, "मावशी, ही माझी मैत्रीण." एवढाच शब्द, तोही वरणात बुडाल्यासारखा. मावशीनं "ये वं बाई" म्हटलं, पत्रावळ पुढे केली, भात वाढला, वरण वाढलं, आणि वांग्याच्या भाजीचं पातेलं पुढे सरकवताना हात मागे घेतला.

"तुले वांगं चालत नाही ना?"

भाचीला वांगं चालत नाही. अंगावर पित्त उठतं. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि विदर्भात ही गोष्ट लपवण्यासारखीच आहे. पण ते या मावशींना कसं माहीत? त्या तर तिला पहिल्यांदा पाहत होत्या.

मी भाचीला म्हटलं, आता कलम पन्नास आठव. त्यानं काय म्हटलं ते सोड. मैत्रीण म्हटलं, ठीक आहे. पण मावशीनं काय केलं? "हिचं नाव काय, गाव कोणतं, आई-वडील काय करतात" यातलं काहीही विचारलं का?

"नाही."

यवतमाळात? सणाच्या दिवसांत? एका मावशीनं? अगं, याचा अर्थ तिची चौकशी तीन महिन्यांपूर्वी फोनवर झालेली आहे. आणि नुसतं नाव-गाव-आडनाव नव्हे, वांग्यापर्यंत गेली आहे. वांग्याचं कुणी फुशारकी म्हणून सांगत नाही. ते तेव्हा निघतं जेव्हा कुणीतरी विचारतं, घरी आली तर काय करायचं रे तिच्यासाठी. ज्याची ओळख आधीच होऊन गेली आहे, त्याची तोंडावर ओळख करून देताना माणसाला शब्द सापडत नाही, कारण समोरच्याला सगळं माहीत आहे हे त्याला माहीत असतं.

भाचीनं मिरच्या काढायचं थांबवलं. पोहे गार झाले होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पण सरांसमोर तरी नाव सांगायला काय झालं होतं?" ही तक्रार मी मान्य केली. नाव सांगायला पैसे पडत नाहीत. हुद्दा झाकावा, नाव झाकू नये. ज्याचं नावसुद्धा घेतलं जात नाही तो माणूस खरोखरच फोटोकॉपी मशीन होतो. त्या मुद्द्यावर मुलाला ताकीद मिळाली आणि प्रकरण आपसात मिटलं.

मिटलं असं मला वाटलं. दसऱ्याच्या संध्याकाळी तो सोनं द्यायला आमच्याकडे आला. पाया पडला, आपट्याची पानं दिली, खुर्चीच्या कडेवर बसला. मी गप्प होतो, कारण मला भाचीचं वाक्य ऐकायचं होतं. एवढं भांडून झाल्यावर आता ही काय म्हणते बघू. ती पाणी घेऊन आली, तिनं श्वास घेतला, आणि तेवढ्यात माझी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. ती मारेगावची. तिनं भाचीला बोलायची संधीच दिली नाही.

"वणीले कुठं राहते रे तू?"

त्यानं सांगितलं.

"मंग तुह्या आजीचं माहेर मारेगावचं तर नव्हे?"

होतं. पुढची दहा मिनिटं मी, भाची आणि आपट्याची पानं कुणाच्याच खिजगणतीत नव्हतो. आडनावं निघाली, वाडे निघाले, कुणाची तरी विकलेली विहीर निघाली. शेवटी बायकोचा चेहरा खुलला. तेवढ्यात शेजारच्या काकू सोनं द्यायला आत आल्या आणि त्यांची मान तिरपी व्हायच्या आत बायकोनं जाहीर केलं, "हा माझ्या माहेरचा पोरगा. आमच्या चुलत आत्याच्या दिराचा मुलगा. म्हणजे पाहायला गेलं तर माझा भाऊच लागते."

भाचीनं ग्लास टेबलावर ठेवला. मामीचा भाऊ म्हणजे भाचीचा कोण, हा हिशेब तिनं माझ्याआधी केला असावा.

"मामी," ती म्हणाली, "थांबा जरा. तो माझ्या ऑफिसमधला आहे."